विलंबशुल्काची अट आणि छोटे ग्राहक : एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

डिझाइन, छपाई, हिशेबनिशी, संकेतस्थळाची देखभाल, छायाचित्रण, भाषांतर अशी कामे करणारे छोटे व्यावसायिक बहुतेक वेळा काम आधी देतात आणि पैसे नंतर घेतात. बिलावर पंधरा किंवा तीस दिवसांची मुदत लिहिलेली असते. ती उलटली की तगादा सुरू होतो आणि काही ठिकाणी महिने जातात. उशीर झाल्यास ठरावीक व्याज किंवा शुल्क लागेल, अशी अट करारात आणि बिलात घालणे हा यावरचा सर्वांत जुना उपाय. मोठ्या कंपन्यांशी व्यवहार असेल तर ही अट कोणाला खटकत नाही, कारण तिकडे लेखा विभाग असतो आणि अटी कागदावर वाचल्या जातात. गल्लीतला दवाखाना, घरगुती मसाल्यांचा उद्योग, शिकवणी वर्ग किंवा नवे उपाहारगृह हा ग्राहक असेल तर मात्र व्यवहार दोन माणसांमध्ये असतो. तिथे विलंबशुल्काचा उल्लेख झाला की ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असा प्रश्न येतो.

अशी अट घालावी की नाही, घातली तर कोणत्या दराची, कोणत्या शब्दांत, आणि वेळ आल्यावर ती खरोखर वसूल करावी का, याबद्दल व्यावसायिकांमध्ये, सनदी लेखापालांमध्ये आणि वकिलांमध्ये वेगवेगळी मते आहेत. पुढील आढावा भारतातील, मुख्यतः महाराष्ट्रातील, सेवा पुरवणाऱ्या छोट्या व्यवसायांपुरता आहे. परदेशातील अनुभव तुलनेसाठी लागतो तेवढाच घेतला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

या प्रश्नाला पहिली चौकट मिळाली ती १८७२ च्या भारतीय करार कायद्यातून. कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती पूर्ण मिळेलच असे नाही. न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देते. थकल्या दिवसापासून वाढीव व्याजाची अटही दंडाच्या स्वरूपाची ठरू शकते, असे याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. कायद्यातले एक उदाहरण बोलके आहे. बारा टक्के व्याजाने घेतलेले कर्ज मुदतीत फिटले नाही तर त्या दिवसापासून पंचाहत्तर टक्के व्याज, ही अट तिथे दंडाची म्हणून दाखवली आहे. शुल्क असण्याला कायद्याची हरकत नाही, ते नुकसानीच्या मानाने अवाजवी असण्याला आहे.

दुसरी चौकट २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने दिली. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर ग्राहकाने ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे असतात, आणि ही ठरलेली मुदत काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. करारात मुदतच नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागू होते. करारात काहीही लिहिलेले असले तरी हे व्याज लागते. बँक रेट फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.७५ टक्के होता, म्हणजे तिप्पट दर २०.२५ टक्के. जून २०२५ मध्ये बँक रेट ५.७५ टक्क्यांवर आला आणि तिप्पट दर १७.२५ टक्के झाला. या कायद्यातील ‘ग्राहक’ मोठाच असावा अशी अट नाही. छोट्या दुकानदारालाही हेच नियम लागू होतात.

तिसरा बदल करकायद्यातला आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३ बी (एच) घातले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे वरील मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च ग्राहकाला ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येतो. यामुळे मार्चअखेर बिले भागवण्याची घाई वाढली. पण अनेक छोटे ग्राहक अंदाजित नफ्यावर कर भरतात आणि तिथे खर्चाच्या एकेका बाबीची वजावट मागायचीच नसते. त्यामुळे छोट्या ग्राहकांपैकी पुष्कळांवर या तरतुदीचा दाब पडत नाही.

अशा रीतीने व्याजाचा हक्क कायद्यात आधीपासून आहे. करारात अट लिहून पुरवठादार नवा हक्क निर्माण करतो असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा तो असलेला हक्क दोघांना आधीच दिसेल अशा जागी आणून ठेवतो. वादाचा रोख म्हणूनच कायद्यापेक्षा व्यवहारावर आणि संबंधांवर आहे.

पहिली भूमिका : अट नकोच

या भूमिकेचा आधार असा, की छोट्या ग्राहकाचे काम ओळखीतून येते आणि ओळखीतूनच पुढे जाते. एका दवाखान्याच्या फलकाचे काम नीट झाले तर त्याच डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणखी चार दवाखाने मिळतात. पाचशे-हजार रुपयांच्या शुल्कासाठी हा ओघ धोक्यात घालणे परवडत नाही. शिवाय छोट्या बिलावर शुल्काची रक्कमच किरकोळ होते. पाच हजारांच्या बिलावर महिना दीड टक्का म्हणजे ७५ रुपये. ते मागण्यासाठी करावा लागणारा कागद आणि फोन त्याहून महाग पडतात.

या बाजूने एक अभ्यासही वारंवार सांगितला जातो. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी इस्रायलमधील हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत एक प्रयोग केला आणि तो २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांवर काही पाळणाघरांनी लहानसा दंड बसवला. उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुपटीने वाढला आणि दंड काढून टाकल्यावरही तो खाली आला नाही. आधी पालकांना वाटणारा संकोच दंडाने नाहीसा झाला आणि उशीर ही पैसे मोजून घेण्याची सोय बनली, असा त्याचा अर्थ लावला गेला. बिलांच्या बाबतीतही लहान शुल्क लावले तर ग्राहक ते उधारीचे भाडे समजेल, अशी भीती यातून मांडली जाते.

कापड व्यवसायात २०२४ च्या सुरुवातीला उठलेली ओरडही याच बाजूने सांगितली जाते. नव्या करतरतुदीमुळे ग्राहक नोंदणीकृत छोट्या पुरवठादारांना टाळतील आणि मोठ्यांकडे वळतील, अशी चिंता तेव्हा व्यापाऱ्यांनी व्यक्त केली होती.

दुसरी भूमिका : अट हवी आणि ती पाळली जावी

या भूमिकेनुसार संबंध बिघडतात ते न सांगितलेल्या अपेक्षांमुळे. मुदत लिहिली पण ती उलटल्यावर काय होणार हे लिहिले नाही, तर प्रत्येक उशिराच्या वेळी नव्याने घासाघीस करावी लागते आणि तीच कटुता आणते. अट आधीच मान्य असेल तर तगादा वैयक्तिक राहत नाही. मागणी माणसाची न राहता कागदाची होते. छोट्या ग्राहकाकडे महिनाअखेर चार बिले पडलेली असतात आणि हातात दोघांचेच पैसे असतात. तेव्हा ज्याला उशीर केला तर काहीच होत नाही, त्याचे बिल सर्वांत शेवटी जाते, हा या भूमिकेचा मुख्य युक्तिवाद आहे.

पाळणाघरांच्या प्रयोगावरही या बाजूचे उत्तर आहे. पालक आणि पाळणाघर यांच्यात वेळेची किंमत आधी ठरलेली नव्हती. व्यापारात उधारीची किंमत आधीपासून असते, फक्त ती बहुधा पुरवठादार गुपचूप सोसतो. ग्राहकाला बाहेर पैसे उभे करायला जो दर पडतो त्याहून शुल्काचा दर फारच कमी असेल, तर तो पुरवठादाराकडून कर्ज घेत राहील हे खरे. पण त्यातून दर योग्य ठेवावा एवढेच निघते, अट नसावी असे निघत नाही.

ब्रिटनचा अनुभव दोन्ही बाजू वापरतात. तिथल्या १९९८ च्या कायद्याने व्यापारी देण्यांवर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दराहून आठ टक्के अधिक व्याजाचा हक्क दिला. पुढे त्यात देण्याच्या रकमेनुसार ४०, ७० किंवा १०० पौंडांची ठोक भरपाईही जोडली गेली. हा हक्क टप्प्याटप्प्याने लागू झाला. १९९८ मध्ये तो छोट्या व्यवसायांना फक्त मोठ्यांविरुद्ध मिळाला, २००० मध्ये छोट्यांना छोट्यांविरुद्ध आणि २००२ मध्ये सर्वांना. छोट्याने छोट्याकडून व्याज घेणे हा वेगळा आणि नाजूक मामला आहे, याची जाणीव त्या क्रमात दिसते. तरीही ग्राहक दुखावेल म्हणून पुष्कळ पुरवठादार तिथे आजही हा हक्क वापरत नाहीत.

तिसरी भूमिका : उशीर होऊच नये अशी रचना

तिसरा गट शुल्काकडे शेवटचा उपाय म्हणून पाहतो. कामाआधी निम्मी रक्कम घेणे, मोठ्या कामाचे टप्पे पाडून टप्प्यागणिक बिल करणे, अंतिम फाइल किंवा संकेतस्थळाचा ताबा पैसे आल्यावर देणे, मासिक कामाचे शुल्क महिन्याच्या सुरुवातीला घेणे, हे त्यांचे उपाय. या मांडणीत सर्वांत महत्त्वाची पायरी मुदत ठरवण्याची आहे. ग्राहकाकडे पैसा कधी येतो हे विचारून मुदत ठरवली तर अर्धा उशीर जन्मालाच येत नाही. ज्या उत्पादकाला दुकानदार दर महिन्याच्या दहा तारखेला पैसे देतात, त्याच्याकडून पाच तारखेची अपेक्षा करणे म्हणजे उशिराची सोय करून ठेवणे.

काही जण शुल्काऐवजी वेळेवर पैसे देणाऱ्याला दोन टक्के सवलत देतात. ग्राहकाला ही भाषा गोड वाटते, पण दोन अडचणी आहेत. एक, सवलत धरूनच भाव ठरवावा लागतो आणि छोटा ग्राहक नेमकी भावाचीच तुलना करतो. दुसरी अडचण जीएसटीची आहे. बिलानंतर दिलेली सवलत करपात्र मूल्यातून वजा करण्यासाठी कायद्याच्या अटी पाळाव्या लागतात, आणि त्यासाठी क्रेडिट नोटचे काम वाढते.

तिन्ही भूमिका एकमेकींना पूर्ण छेद देत नाहीत. उशिराची कारणे वेगळी केली की प्रत्येकीची जागा दिसते. ग्राहक बिल विसरला असेल तर आठवण पुरते. त्याच्याकडे पैसाच नसेल तर शुल्काने पैसा निर्माण होत नाही, तिथे हप्ते लागतात. काम पसंत नसल्याने त्याने पैसे अडवले असतील तर शुल्क त्या नाराजीत भर घालते, तिथे आधी कामाबद्दल बोलावे लागते. पैसा आहे, काम पसंत आहे, पण बिल मागे ढकलले जात आहे, या एकाच प्रकारात शुल्क खरे काम करते. इतर प्रकारांत शुल्काचा आग्रह धरला की संबंध बिघडतो, आणि अट वाईट असल्याचा निष्कर्ष बहुधा तिथूनच निघतो.

दर आणि आकारणीची पद्धत

शुल्क दोन प्रकारे लावले जाते. थकलेल्या रकमेवर महिन्याला ठरावीक टक्के, किंवा प्रत्येक उशिराला ठोक रक्कम. टक्केवारीचा फायदा असा की ती थकबाकीच्या आणि दिवसांच्या प्रमाणात राहते आणि वाजवी असल्याचे दाखवता येते. महिना दीड टक्का सरळ व्याज म्हणजे वर्षाला १८ टक्के. २००६ च्या कायद्याचा दर फेब्रुवारी २०२३ ते जून २०२५ या काळात १७ ते २० टक्क्यांच्या आसपास राहिला असल्याने हा दर त्याच्या जवळ बसतो. अनेक बिलांवर छापील २४ टक्के दर दिसतो. तोही सरसकट बेकायदा नाही, पण छोट्या ग्राहकाला तो सावकारी वाटू शकतो.

ठोक रक्कम समजायला सोपी आहे, पण छोट्या बिलावर ती अंगलट येऊ शकते. पाच हजारांच्या बिलाला महिनाभर उशीर झाला म्हणून पाचशे रुपये लावले तर ते महिना दहा टक्के, म्हणजे वर्षाला १२० टक्के होतात. करार कायद्याच्या कलम ७४ पुढे अशी अट टिकवणे कठीण. ग्राहक धंद्यासाठी नव्हे तर घरच्या वापरासाठी सेवा घेणारा असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही आड येतो, कारण नुकसानीच्या मानाने अगदीच विषम दंड लावणारा करार त्यात अनुचित मानला आहे. म्हणून ठोक रक्कम ठेवायचीच असेल तर ती आठवणपत्र आणि हिशेब यांच्या प्रत्यक्ष खर्चाइतकी लहान ठेवणे आणि एका बिलाला एकदाच लावणे हा सावध मार्ग आहे.

करारातील कलम

बिलावर तळाला छापलेली अट आणि कामाआधी मान्य झालेली अट यांत मोठा फरक आहे. बिल काम झाल्यावर जाते. त्यावर प्रथमच दिसणारी अट ग्राहकाने मान्य केली होती का, यावर वाद होऊ शकतो. हरकत न घेता पूर्वीची तशीच बिले भागवली गेली असतील तर न्यायालयांनी काही वेळा व्याज मान्य केले आहे, पण त्यावर विसंबणे धोक्याचे. अट कोटेशनमध्ये किंवा करारात असावी आणि ग्राहकाचा होकार लेखी असावा. छोट्या व्यवहारात मुद्रांकित करार होत नाही. कोटेशनची पीडीएफ आणि तिला ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर आलेला स्पष्ट होकार हा व्यवहार्य मार्ग आहे. केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अवैध ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्यात नमूद आहे.

कलमात पाच गोष्टी स्पष्ट हव्यात. मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, सवलतीचे दिवस किती, दर किती, व्याज कोणत्या तारखेपासून लागेल, आणि कामाबद्दल तक्रार असेल तर काय करायचे. पाचवी बाब बहुतेक जण विसरतात, आणि संबंध टिकण्याच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे. तक्रार असलेला भाग बाजूला काढता आला तर उरलेली रक्कम अडकत नाही, आणि नाराज ग्राहकावर व्याज चढत नाही. २००६ च्या कायद्यातही काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारले असे धरले जाते, त्यामुळे हीच मुदत वापरणे सोयीचे. कलमाचा नमुना असा असू शकतो :

> बिलाची रक्कम बिलाच्या तारखेपासून १५ दिवसांत द्यावी. त्यानंतर ७ दिवस सवलतीचे राहतील. या ७ दिवसांतही रक्कम न मिळाल्यास मूळ मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर दरमहा दीड टक्का सरळ व्याज लागेल. कामाबद्दल हरकत असल्यास काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावी. हरकत मिटेपर्यंत तेवढ्या भागावर व्याज लागणार नाही. अडचण असल्यास मुदतीआधी कळवल्यास तारीख लेखी वाढवून दिली जाईल.

शेवटचे वाक्य कायद्याच्या दृष्टीने अनिवार्य नाही. पण आधी कळवणाऱ्याला शुल्क नाही आणि गप्प राहणाऱ्याला आहे, हा भेद त्याने उभा राहतो, आणि छोट्या ग्राहकाला अट जाचक वाटण्याऐवजी रास्त वाटते. तारीख वाढवतानाही पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर ४५ दिवसांची कमाल मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

अट सगळ्यांना सारखी असणे हेही तितकेच महत्त्वाचे. छोट्या गावात किंवा एकाच बाजारपेठेत ग्राहक एकमेकांशी बोलतात. एकाला अट आणि दुसऱ्याला नाही हे कळले की पहिल्याचा राग रास्त ठरतो. छापील कोटेशनमध्येच सर्वांसाठी ती असली की ‘तुमच्यासाठी खास’ असे काही उरत नाही. जुन्या ग्राहकांसाठी मात्र ती चालू कामाच्या मध्येच न आणता पुढच्या कामापासून किंवा १ एप्रिलपासून, महिनाभर आधी कळवून, लागू करण्याची प्रथा सुरक्षित मानली जाते.

बिल आणि जीएसटी

बिलावर अट पुन्हा लिहायची ती आठवण म्हणून. ‘१५ दिवस’ असे लिहिण्यापेक्षा प्रत्यक्ष तारीख लिहिलेली बरी, कारण दिवस मोजण्यात दोघांचा हिशेब वेगळा निघतो. त्याखाली एका ओळीत ‘कोटेशनमधील अटीनुसार या तारखेनंतर दरमहा दीड टक्का’ एवढे पुरते. लाल अक्षरे, मोठा ठसा किंवा कायद्याच्या कलमांची यादी पहिल्याच बिलावर टाकण्याने काही साधत नाही. उद्यम नोंदणी क्रमांक मात्र छापावा. त्यावरून ग्राहकाच्या लेखापालाला पुरवठादार कोणत्या वर्गातला आहे हे कळते आणि बिल लवकर भागवण्याचे कारण आपोआप पुढे येते.

पुरवठादाराची जीएसटी नोंदणी असेल तर विलंबशुल्कावरही कर लागतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार उशिरापोटी घेतलेले व्याज किंवा शुल्क हे मूळ पुरवठ्याच्या मूल्याचाच भाग धरले जाते, म्हणून मूळ सेवेचा जो दर तोच त्यालाही. मात्र हा कर देण्याची वेळ शुल्क हातात पडते त्या तारखेला येते. शुल्क नुसते मागितले आणि मिळाले नाही तर कर भरावा लागत नाही. म्हणून आठवणपत्रात फक्त हिशेब दाखवणे आणि डेबिट नोट शुल्क देण्याचे ठरल्यावरच काढणे सोयीचे. आधीच डेबिट नोट काढून नंतर शुल्क माफ केले, तर ती उलटवण्यासाठी क्रेडिट नोटचे काम मागे लागते. ग्राहकाला आठवण देताना आणखी एक तरतूद उपयोगी पडते. बिलापासून १८० दिवसांत पैसे न दिल्यास जीएसटी नोंदणी असलेल्या ग्राहकाला घेतलेले इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावे लागते.

एक उदाहरण

समजा, नाशिकमधील दोघांच्या एका डिझाइन स्टुडिओने मसाल्यांच्या एका छोट्या उत्पादकाला वेष्टनांचे काम करून दिले. मोबदला ४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,२०० रुपये, एकूण ४७,२०० रुपये. बिल १ जूनचे, मुदत १६ जूनची, सवलतीचे दिवस २३ जूनपर्यंत. पैसे आले ३१ जुलैला, म्हणजे मूळ मुदतीनंतर ४५ दिवसांनी.

वर्षाला १८ टक्के दराने ४७,२०० रुपयांवर ४५ दिवसांचे सरळ व्याज १,०४७ रुपये होते. त्यावर १८ टक्के जीएसटी १८९ रुपये, एकूण १,२३६ रुपये. जीएसटी वगळून फक्त ४०,००० रुपयांवर मोजले तर व्याज ८८८ रुपये भरते. दोन्ही पद्धती वापरात आहेत. जीएसटीसह मोजण्याच्या बाजूने असे म्हणता येते, की महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या स्टुडिओला जूनच्या बिलाचे ७,२०० रुपये २० जुलैपर्यंत सरकारला भरावे लागले आणि तेवढी रक्कम त्याने पदरची घातली. कोणती पद्धत घ्यायची ते कलमात लिहिलेले असले की वाद राहत नाही.

या ४५ दिवसांत काय घडले यावर शुल्काचे भवितव्य ठरते. स्टुडिओने ११ जूनला एक साधा निरोप पाठवला : ‘१६ तारखेला देय असलेल्या बिलाची आठवण, काही दुरुस्ती हवी असल्यास कळवा.’ १७ जूनला दुसरा निरोप गेला, त्यात सवलतीचे दिवस २३ पर्यंत असल्याचे नमूद होते. २४ जूनला फोन झाला. दुकानदारांकडून येणे थकले आहे, पण दहा तारखेच्या सुमारास थोडे पैसे येतील, असे कळले. इथे कारण रोकडटंचाईचे आहे. स्टुडिओने १२ जुलैला निम्मे आणि ३१ जुलैला उरलेले असे सुचवले असते, तर व्याजही कमी झाले असते आणि पुन्हा फोन करण्याची वेळ आली नसती. तसे न होता पूर्ण रक्कम ३१ जुलैलाच आली, तेव्हा स्टुडिओपुढे तीन पर्याय उरतात : शुल्क घेणे, गप्प बसणे, किंवा दाखवून माफ करणे.

तिसरा पर्याय व्यवहारात सर्वाधिक सुचवला जातो. त्यातले पत्र असे असते : ‘रक्कम मिळाली, आभार. अटीनुसार ४५ दिवसांचे व्याज १,०४७ रुपये होते. ही पहिलीच वेळ असल्याने ते घेतलेले नाही. पुढील कामापासून मुदत तुमच्या सोयीने दर महिन्याची १२ तारीख ठेवू.’ गप्प बसल्याने अट कागदावरच राहते, आणि पुढे कधी ती लावली तर ‘इतके दिवस कधी घेतले नाही’ असे उत्तर मिळते. दाखवून माफ केल्याने हक्क जिवंत राहतो, औदार्य ग्राहकाला रुपयांत दिसते आणि मुदत खऱ्या कारणाशी जुळते. दुसऱ्यांदा उशीर झाला तर शुल्क घेताना नवे काही सांगावे लागत नाही. तिसऱ्यांदाही तेच झाले तर शुल्काचा विषय संपतो आणि निम्मी रक्कम आगाऊ घेण्याचा सुरू होतो, कारण सतत शुल्क भरणारा ग्राहक प्रत्यक्षात पुरवठादाराच्या पैशावर धंदा चालवत असतो.

निरोप कोणाकडून जातो यालाही महत्त्व आहे. दोघांच्या व्यवसायात जो ग्राहकाशी डिझाइनबद्दल बोलतो, त्याने पैशाचे निरोप न पाठवता दुसऱ्याने किंवा हिशेबनिसाने पाठवले तर कामाची चर्चा मोकळी राहते. एकट्याने काम करणारे यासाठी बिलाचे वेगळे ई-मेल खाते वापरतात किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून ठरलेल्या दिवशी आपोआप निरोप जाऊ देतात.

वसुलीची मर्यादा

ग्राहकाने मूळ रक्कमही दिली नाही तर सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला सुलभीकरण परिषदेकडे तक्रार करता येते. त्यासाठी २०१७ मध्ये समाधान हे ऑनलाइन पोर्टल सुरू झाले. परिषद आधी समेट घडवण्याचा प्रयत्न करते आणि तो फसल्यास लवादाची प्रक्रिया होते. परिषदेच्या निर्णयाला पुरवठादाराव्यतिरिक्त कोणी आव्हान देऊ इच्छित असेल तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. हा मार्ग धरला की संबंध राहण्याची शक्यता फारशी उरत नाही, आणि म्हणून छोट्या ग्राहकांबाबत तो क्वचित वापरला जातो. सामान्यतः पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. देणे मान्य असल्याचे ग्राहकाचे सहीचे लेखी पत्र मुदतीच्या आत मिळाले तर ती तिथून नव्याने मोजली जाते. त्यामुळे थकबाकी मान्य करून घेतलेला साधा कागदही, शुल्क माफ केले तरी, जपून ठेवण्याजोगा असतो.

अनिर्णित राहिलेले मुद्दे

पहिला मुद्दा नोंदणीच्या वेळेचा. करारानंतर नोंदणी केलेल्या पुरवठादाराला २००६ च्या कायद्याचा लाभ त्या कराराबाबत मिळत नाही, असा कौल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात दिला. जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने परिषदेकडे जाण्यासाठी आधीची नोंदणी ही अट नसल्याचे मत मांडले आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. व्यवहारात काम स्वीकारण्याआधी नोंदणी करून घेतली की या वादाची झळ लागत नाही.

दुसरा मुद्दा अधिक मूलभूत आहे. शुल्काच्या अटीमुळे छोटे ग्राहक लवकर पैसे देतात का, याचे उत्तर पाळणाघरांच्या प्रयोगावरून काढता येत नाही, कारण तिथे व्यापारी उधारी नव्हती. ज्यांच्या बिलावर अट असते त्यांचे पैसे लवकर येत असतील तरी ते अटीमुळे की अशी अट घालणारे व्यावसायिक आठवणही वेळेवर पाठवतात म्हणून, हे वेगळे काढणे अवघड आहे.

तिसरा मुद्दा न्यायाचा आहे. छोट्या ग्राहकाचा उशीर पुष्कळदा त्याच्याही येण्यातल्या उशिराचा परिणाम असतो. साखळीच्या वरच्या टोकाला मोठा खरेदीदार थकवतो आणि व्याज मात्र खालच्या दोघांमध्ये मागितले जाते. कायद्याने हक्क साखळीतल्या प्रत्येक छोट्या पुरवठादाराला दिला आहे, पण वर मागण्याची ताकद प्रत्येकाकडे सारखी नसते. विलंबशुल्काच्या अटीने हा असमतोल मिटत नाही. शुल्क आणि मुदत किती मऊ ठेवायची हे ठरवताना पुरवठादाराला ग्राहकाच्या जागेचाही विचार करावा लागतो, आणि तो कुठवर करायचा याबद्दल व्यवसायात अजून एकमत नाही.